नरसाळ्याची रिकामी बाजू

1991 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मेटा-अ‍ॅनालिसिस प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला शिरेतून मॅग्नेशियम दिले तर जीव वाचतो का, या प्रश्नावरच्या सात लहान चाचण्यांचे निकाल त्यात एकत्र केले होते. मॅग्नेशियम मिळालेल्या 657 रुग्णांपैकी 25 दगावले, न मिळालेल्या 644 पैकी 53. म्हणजे मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आलेले. औषध स्वस्त, कोणत्याही रुग्णालयात मिळणारे, देण्यास सोपे. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या लेस्टर येथील सुमारे 2300 रुग्णांच्या ‘लिमिट-2’ चाचणीतही मृत्यू सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. 1993 मध्ये तर हा प्रभावी, सुरक्षित, सोपा आणि स्वस्त उपचार आहे, असे एका नामांकित हृदयरोग नियतकालिकाने छापले.

1995 साली ‘इसिस-4’ या चाचणीचा निकाल आला. रुग्ण 58,050. पाच आठवड्यांत मॅग्नेशियम गटातले 7.64 टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातले 7.24 टक्के. फायदा काहीच नाही. आकडा उलट किंचित विरुद्ध बाजूला झुकलेला.

मग आधीचे सात निकाल खोटे होते का? तसे मानायला आधार नाही. प्रत्येक चाचणी आपल्या जागी प्रामाणिक असू शकते आणि तरीही त्यांची बेरीज दिशाभूल करू शकते. ते कसे होते, हे फनेल प्लॉट नावाच्या साध्या आलेखात दिसते. रिचर्ड लाइट आणि डेव्हिड पिलेमर यांनी 1984 साली तो सुचवला.

या आलेखात प्रत्येक चाचणी म्हणजे एक ठिपका. आडव्या अक्षावर परिणाम असतो. मृत्यूसारख्या निकालासाठी तो बहुधा ऑड्स रेशोने मोजतात: 1 म्हणजे दोन्ही गट सारखे, 1 च्या डावीकडे गेले की औषधाचा फायदा, उजवीकडे गेले की तोटा. उभ्या अक्षावर स्टँडर्ड एरर, म्हणजे त्या निकालातली अनिश्चितता. आणि ती उलटी मांडलेली, शून्य सगळ्यात वर. त्यामुळे मोठ्या, भरवशाच्या चाचण्या वर राहतात आणि लहान चाचण्या तळाशी. मोठ्या चाचण्यांचे निकाल सत्याच्या आसपास घोटाळतात, लहानांचे दोन्ही बाजूंना विखुरतात. सगळे अभ्यास हाती असतील आणि सगळीकडे औषधाचा परिणाम सारखाच असेल, तर ठिपक्यांचा आकार पालथ्या घातलेल्या नरसाळ्यासारखा होतो.

तळाशी नेमके काय घडते, हे एका कल्पित चाचणीवर पाहू. दोन्ही गटांत शंभर-शंभर रुग्ण. औषधाविना 8 मृत्यू, औषध घेऊन 4. मृत्यू अर्ध्यावर आले, ऑड्स रेशो सुमारे 0.48. पण लॉगच्या मापात स्टँडर्ड एरर येतो 0.63. त्यावरून 95 टक्क्यांची मर्यादा काढली तर ती 0.14 पासून 1.65 पर्यंत पसरते, म्हणजे औषध तारक की मारक हेही सांगता येत नाही. औषध गटात फक्त 2 मृत्यू झाले असते, तरी संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीवर हा निकाल लक्षणीय ठरला नसता. मृत्यू 8 वरून 1 वर यावे लागतात, तेव्हा कुठे तो जेमतेम ती रेषा ओलांडतो. ‘इसिस-4’चा स्टँडर्ड एरर याच मापात सुमारे 0.03 आहे, वीसपट लहान. फरक रुग्णसंख्येपेक्षाही घडलेल्या घटनांच्या संख्येचा आहे. 1991 च्या सातही चाचण्यांत मिळून मृत्यू होते 78. ‘इसिस-4’मध्ये चार हजारांहून अधिक.

सगळी मेख इथेच आहे. लहान चाचणीला ‘यश’ मिळवायचे तर तिचा निकाल अवास्तव मोठाच असावा लागतो. आता शंभर रुग्णांची, ‘फरक आढळला नाही’ असे सांगणारी चाचणी डोळ्यांसमोर आणा. संशोधक ती लिहायला बसत नाही, संपादकाला तिच्यात नवे काही दिसत नाही, पैसे देणाऱ्या कंपनीला घाई नसते. ती कपाटातच राहते. तळाच्या डाव्या कोपऱ्यातले भव्य फायद्याचे ठिपके तेवढे छापून येतात आणि उजवा कोपरा रिकामा पडतो. याला प्रकाशन-पक्षपात म्हणतात. मथियास एगर आणि जॉर्ज डेव्ही स्मिथ यांनी 1995 मध्ये मॅग्नेशियमचेच उदाहरण घेऊन हे मांडले. दोन वर्षांनी एगर आणि सहकाऱ्यांनी आलेखाचा हा कल मोजण्याची चाचणी दिली. ती आज ‘एगर टेस्ट’ म्हणून ओळखली जाते.

आलेख वाचताना एक सावधगिरी आधीच घ्यावी. मधली उभी रेषा बहुधा एकत्रित निकालावर काढलेली असते. लहान चाचण्यांनी तो निकालच ओढला असेल, तर रेषाही त्यांच्याबरोबर सरकते आणि नरसाळे आहे त्यापेक्षा सरळ दिसते. म्हणून नजर आधी वरच्या ठिपक्यांवर टाकावी आणि तिथून खाली उतरावे. खाली जाताना ठिपके दोन्हीकडे पसरतात की एकाच बाजूला घसरतात? मॅग्नेशियमच्या आलेखात ‘इसिस-4’ शिखरावर, 1 च्या जवळ आहे आणि खाली उतरावे तसे ठिपके डावीकडे वाहत जातात. या घसरणीचा एक परिणाम फार बोलका आहे. ‘इसिस-4’सह सगळे निकाल फिक्स्ड-इफेक्ट पद्धतीने एकत्र केले, तर उत्तर जवळजवळ 1 येते, म्हणजे फायदा नाही. रँडम-इफेक्ट्स पद्धतीने केले, तर ते 0.5 च्या आसपास येते, म्हणजे मोठा फायदा. आकडे तेच; दुसरी पद्धत लहान चाचण्यांना तुलनेने जास्त वजन देते, एवढाच फरक. या दोन उत्तरांत इतकी तफावत दिसली, की वाचकाने तिथेच थांबून लहान चाचण्यांकडे संशयाने पाहावे.

संशय घ्यावा, निवाडा मात्र इतक्यात देऊ नये. नरसाळे कलण्याला प्रकाशन-पक्षपाताखेरीज दुसरी कारणेही असतात. लहान चाचण्या कधी ढिल्या पद्धतीने होतात. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधीच कळते आणि फायदा फुगतो. ऑड्स रेशो आणि त्याचा स्टँडर्ड एरर गणितानेच एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे, परिणाम मोठा असला की काही दडवलेले नसतानाही आलेख वाकडा दिसू शकतो. शिवाय औषध लहान चाचण्यांत खरोखरच जास्त उपयोगी पडले असणेही शक्य आहे, कारण तिथले रुग्ण वेगळे, औषध देण्याची वेळ वेगळी.

मॅग्नेशियमच्या पाठीराख्यांनी हाच शेवटचा मुद्दा मांडला. ‘इसिस-4’मध्ये औषध उशिरा दिले गेले, अनेकांना रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध आधीच मिळाले होते आणि रुग्ण मुळात कमी धोक्याचे होते, असे ते म्हणाले. आक्षेप वाजवी होता आणि, त्याहून महत्त्वाचे, तपासता येण्यासारखा होता. म्हणून ‘मॅजिक’ ही चाचणी आखली गेली: जास्त धोक्याचे 6,213 रुग्ण, झटका आल्यापासून सहा तासांच्या आत मॅग्नेशियम. 2002 मध्ये निकाल आला. तीस दिवसांत मॅग्नेशियम गटात 15.3 टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात 15.2. वेळेचे आणि धोक्याचे स्पष्टीकरण टिकले नाही. वादाचा निकाल नव्या पुराव्याने लावला. तो एकट्या आलेखाने लागला नसता.

म्हणूनच मेटा-अ‍ॅनालिसिसच्या चर्चा-विभागात नेहमी आढळणारे एक वाक्य मला खटकते: ‘एगर टेस्ट लक्षणीय नव्हती, त्यामुळे प्रकाशन-पक्षपात नाही.’ दहापेक्षा कमी अभ्यास असतील तर ही चाचणी इतकी दुबळी असते, की तिच्या मौनाला काहीच अर्थ नसतो. तेवढ्या अभ्यासांवर ती करूच नये, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. सहा ठिपक्यांवर नरसाळे डोळ्यांनी शोधणेही व्यर्थच. उलट टोकाला ‘आलेख असममित आहे, म्हणून अभ्यास दडवले गेले’ हे वाक्यही तितकेच चुकीचे.

चांगली चर्चा रिकामी जागा नेमकी कुठे आहे ते सांगते. त्यासाठी आलेखावर लक्षणीयतेच्या रेषा 1 भोवती आखतात. गायब वाटणारे ठिपके ‘लक्षणीय नाही’ या पट्ट्यात पडत असतील, तर न छापल्याचा संशय बळावतो. ते लक्षणीय निकालांच्या पट्ट्यात पडत असतील तर कारण दुसरे शोधावे लागते, कारण लक्षणीय निकाल सहसा कुणी लपवत नाही. ‘ट्रिम अँड फिल’ नावाच्या पद्धतीत गायब अभ्यास कल्पनेने भरून नवे उत्तर काढतात. ते ‘समजा असे असते तर’ म्हणून वाचावे, दुरुस्त केलेले सत्य म्हणून नव्हे.

1995 मध्ये मॅग्नेशियमवर कुणी चर्चा लिहिली असती, तर ती साधारण अशी हवी होती: ‘लहान चाचण्यांत फायदा मोठा दिसतो, सर्वांत मोठ्या चाचणीत दिसत नाही. अप्रकाशित अभ्यास, सदोष पद्धत किंवा औषध देण्याच्या वेळेतला फरक, यांपैकी काहीही यामागे असू शकते आणि आलेखावरून ते ठरवता येत नाही. रँडम-इफेक्ट्सचा अनुकूल निकाल लहान चाचण्यांवर उभा आहे. तो उपचाराचा आधार मानू नये.’ यात पक्षपाताचा आरोप नाही, पण रुग्णाच्या दृष्टीने हवा तो निर्णय आहे.

दडलेले अभ्यास खरोखर होते की नाही, हे मात्र आलेखाबाहेर जाऊनच कळते. 2008 साली एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या बारा औषधांच्या 74 चाचण्यांची अमेरिकी औषध प्रशासनाकडची नोंद छापील लेखांशी ताडून पाहिली. प्रशासनाने अनुकूल ठरवलेल्या 38 चाचण्यांपैकी 37 छापल्या गेल्या होत्या. उरलेल्या 36 पैकी 22 छापल्याच गेल्या नव्हत्या, 11 अनुकूल असल्याचा भास होईल अशा लिहिल्या होत्या आणि केवळ 3 जशाच्या तशा आल्या होत्या. त्या अकरांकडे नीट पाहा. त्या रिकामी जागा सोडत नाहीत; फायद्याच्या बाजूला एक जादा ठिपका होऊन बसतात. अशी लबाडी चुकलेले ठिपके शोधून सापडत नाही. ती मूळ नोंद आणि छापील लेख शेजारी ठेवल्यावरच उघडी पडते.

भारतात अशी नोंद ठेवणारी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ 2007 पासून आहे आणि 15 जून 2009 पासून औषध नियंत्रकांनी चाचण्यांची नोंदणी सक्तीची केली आहे. ती इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य पाहता येते. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आता पदव्युत्तर विद्यार्थीही मेटा-अ‍ॅनालिसिस लिहितात. त्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एवढीच विनंती: फनेल प्लॉट छापण्याआधी रजिस्ट्रीत आपल्या विषयाच्या चाचण्या शोधा, त्यांतल्या किती पूर्ण होऊनही छापल्या गेल्या नाहीत ते मोजा आणि तो आकडा चर्चा-विभागात लिहा.