स्वतःलाच हलवणारा ग्रुप

लंडनच्या लिंकन्स इनमध्ये मालमत्तेचे दस्तऐवज तयार करणारे एक वकील गणितातही रमलेले होते. त्यांचं नाव आर्थर केली. १८५४ मध्ये त्यांनी 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये एक छोटा निबंध छापला. ग्रुपची कल्पना तोवर अदलाबदलीला चिकटलेली होती. कोशी आणि गाल्वा यांच्या लेखी ग्रुप म्हणजे काही वस्तूंच्या, मुख्यतः समीकरणाच्या उकलींच्या, फेरमांडण्यांचा संच. केली यांनी वस्तू बाजूला ठेवल्या आणि फक्त तक्ता उरवला, म्हणजे कोणत्या दोन घटकांच्या संयोगातून कोणता तिसरा मिळतो याची नोंद.

तक्त्याने पाळायच्या अटी थोड्याच आहेत. उत्तर संचाबाहेर जाता कामा नये. तीन घटक जोडताना कंस कुठेही टाकला तरी उत्तर तेच यावं. काहीच न बदलणारा एक घटक हवा आणि प्रत्येक घटकाचा परिणाम पुसून टाकणारा दुसरा एक घटक हवा.

मग शंका येते: व्याख्या इतकी मोकळी केल्यावर अदलाबदलीशी काही संबंधच नाही असे ग्रुपही आत शिरले असतील का? मर्यादित घटकांच्या ग्रुपपुरतं बोलायचं तर एकही नाही. आणि ते सिद्ध करायला बाहेरून काही आणावं लागत नाही, ग्रुपला स्वतःवरच चालवलं की झालं.

१, २, ३, ४ हे आकडे घ्या. गुणाकार करायचा आणि ५ ने भागून बाकी तेवढी ठेवायची. हा चार घटकांचा ग्रुप झाला, आणि यात कोणी काही हलवताना दिसत नाही. आता चारही आकड्यांना २ ने गुणा. १ चे २ होतात, २ चे ४. ४ चे ८, म्हणजे बाकी ३. आणि ३ चे ६, म्हणजे बाकी १. आकडे तेच राहिले, फक्त जागा बदलल्या: १ गेला २ कडे, २ गेला ४ कडे, ४ गेला ३ कडे आणि ३ परत १ कडे. ४ ने गुणलं तर १ आणि ४ एकमेकांच्या जागी जातात, तसेच २ आणि ३. २ ची फेरमांडणी लागोपाठ दोनदा केली तरी नेमकी हीच मिळते, आणि दोन दुणे चारच ना!

चार वस्तूंच्या एकूण फेरमांडण्या २४. या सगळ्यांच्या ग्रुपला चार वस्तूंचा सिमेट्रिक ग्रुप म्हणतात. आपला ग्रुप त्यातल्या चार फेरमांडण्यांच्या रूपाने तिथे जसाच्या तसा बसला.

हे योगायोगाने जमलेलं नाही, हे बिघडलेल्या उदाहरणावरून चांगलं कळतं. ५ ऐवजी ६ ने भागा आणि १ ते ५ आकडे घ्या. २ ने गुणल्यावर १ चे २ होतात आणि ४ चेही २ च होतात. दोघे एकाच जागेवर आदळले. ३ तर शून्य होऊन संचाबाहेरच पडतो. २ चा गुणाकार पुसून टाकणारा आकडाच इथे नाही, हे त्याचं कारण. खऱ्या ग्रुपमध्ये असा घटक असतोच. म्हणून दोन घटकांना त्याच घटकाने गुणून उत्तर सारखं आलं, तर तो गुणाकार पुसून मूळ घटकही एकच होते असं दाखवता येतं. टक्कर होत नाही, आणि घटक मर्यादित असल्याने एकही जागा रिकामी राहत नाही.

दोन वेगळ्या घटकांची फेरमांडणी एकच निघाली तर? तेही शक्य नाही. प्रत्येक फेरमांडणीत १ कुठे गेला तेवढं पाहावं. ५ च्या उदाहरणात २ ने त्याला २ वर नेलं, ३ ने ३ वर. काहीच न बदलणारा घटक ज्या जागी पोचतो, ते गुणणाऱ्याचंच नाव असतं. राहिली ती फेरमांडण्या एकामागून एक करण्याची बाब. आधी एका घटकाने आणि मग दुसऱ्याने गुणणं म्हणजे त्यांच्या गुणाकाराने एकदाच गुणणं, ही तर कंसाची अट. गुणणारा घटक मात्र कायम डावीकडे हवा. ज्या ग्रुपमध्ये घटकांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, तिथे उजवीकडून गुणलं तर फेरमांडण्यांचा क्रम उलटा होतो.

आज हे प्रमेय केली यांच्या नावाने शिकवतात. फेरमांडण्यांचा गुणाकारही जुळतो हे त्यांनी निबंधात उघड दाखवलेलं नव्हतं. पूर्ण सिद्धता कामीय जॉर्दां यांच्या १८७० च्या ग्रंथात येते.

ही रीत हुकमी असली तरी काटकसरी नाही. समभुज त्रिकोण फिरवण्या-उलटवण्याचे सहा प्रकार आहेत. केली यांच्या रीतीने ते सहा वस्तूंच्या ७२० फेरमांडण्यांमध्ये जाऊन बसतात. खरं तर त्रिकोणाचे तीन कोपरे पुरले असते, त्यांच्या फेरमांडण्या नेमक्या सहाच. पण दरवेळी अशी बचत होत नाही. विल्यम हॅमिल्टन यांच्या क्वाटर्नियन संख्यांमधून १, i, j, k आणि त्यांची ऋण रूपं असा आठ घटकांचा ग्रुप मिळतो. त्याला आठांहून कमी वस्तूंवर चालवून पाहिलं, तर प्रत्येक वस्तूला जागेवरच ठेवणारा १ खेरीज आणखी एखादा घटक निघतोच. तो घटक −१ असेल किंवा त्याचा वर्ग तरी −१ असेल, म्हणजे दोन्ही बाबतींत −१ त्या वस्तूला हलवत नाही. मग −१ एकाही वस्तूला हलवत नाही आणि त्याच्यात व १ मध्ये फरकच उरत नाही. या ग्रुपला आठ वस्तू आणि त्यांच्या ४०,३२० फेरमांडण्या घेण्यावाचून गत्यंतर नाही.