आंबा खाल्ला, पण कोणी?

‘सुमनने आंबा खाल्ला.’ ‘सुमनने चिंच खाल्ली.’ ‘सुमनने केळं खाल्लं.’ खाणारी व्यक्ती तीच आणि खाण्याची क्रियाही तीच, तरी क्रियापदाने तीनदा रूप बदललं. आता सुमनच्या जागी सुहास घालून बघा. क्रियापद जसंच्या तसं राहतं. म्हणजे ‘खाल्ला’मधला पुल्लिंगी ‘ला’ हा आंब्याचा आहे, खाणाऱ्याचा नाही. इंग्रजीत या तिन्ही वाक्यांत एकच ‘एट’ पुरतं. तिथे खाणारा किंवा खाल्लेली वस्तू कोणत्या लिंगाची, याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नसतं. इंग्रजीत लिंगभेद उरला आहे तो ‘ही’, ‘शी’, ‘इट’ या सर्वनामांपुरता, आणि तोही बहुतेक वेळा खऱ्याखुऱ्या नर-मादीला धरून. टेबल, बस, ट्रक हे सगळं ‘इट’. आपण मात्र ते टेबल, ती बस आणि तो ट्रक म्हणतो.

मराठी क्रियापद कोणाचं ऐकतं, याचा नियम तसा सोपा आहे. ज्या नामाला ने, ला, शी असा विभक्तीचा प्रत्यय लागला, त्याचा क्रियापदावरचा ताबा सुटतो. प्रत्ययाविना मोकळं उभं असलेलं नाम क्रियापद शोधतं आणि त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे वळतं. ‘सुमन आली’ यात सुमन मोकळी आहे, म्हणून ‘आली’. ‘सुमनने आंबा खाल्ला’ यात सुमनला ‘ने’ लागला आणि आंबा मोकळा राहिला, म्हणून ‘खाल्ला’. ‘मला चिंच आवडली’ हेही त्याच वाटेने जातं. शाळेत यांतल्या पहिल्या वाक्याला कर्तरी प्रयोग म्हणत आणि दुसऱ्याला कर्मणी. नावं पाठ झाली, पण नियम एकच आहे हे फारसं कोणी सांगितलं नाही.

मग दोन्ही नामांना प्रत्यय लागले तर? ‘मुलाने मांजरीला मारलं.’ क्रियापदाला धरायला कोणीच उरलं नाही, तेव्हा ते नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. हा भावे प्रयोग. मार खाणारी मांजर असो, बोका असो की दहा कुत्री, ‘मारलं’ हलत नाही. अडचणीच्या वेळी नपुंसकलिंग वापरण्याची मराठीला सवयच आहे. बाहेर कडी वाजली की आपण ‘कोण आलंय?’ असं विचारतो. आलेला माणूस बाई की पुरुष हे ठाऊक नसतं, म्हणून ‘आलंय’.

हा ‘ला’ लावायचा की नाही, यावर कधी कधी अर्थच पालटतो. ‘त्यांनी मुलीला पाहिलं’ म्हणजे रस्त्यात, लग्नात, कुठेही ती नजरेस पडली. ‘त्यांनी मुलगी पाहिली’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, ‘मग? पसंत पडली का?’ इंग्रजीत या दोन वाक्यांतला फरक क्रियापदातून दाखवायला जागाच नाही.

याहून मजेशीर प्रकार ‘तू’चा. मी, तू, आम्ही, तुम्ही या सर्वनामांना ‘ने’ दिसत नाही, तरी ती भूतकाळात ‘ने’ लागल्यासारखीच वागतात. मुलगा असो वा मुलगी, ‘मी आंबा खाल्ला’ असंच म्हणणार. पण ‘तू’ आला की क्रियापद दोघांची मर्जी राखतं: तू आंबा खाल्लास, तू चिंच खाल्लीस, तू केळं खाल्लंस. यातले ला, ली, लं हे खाल्लेल्या वस्तूचे आणि शेवटचा ‘स’ तुझा. एकाच शब्दात कर्म आणि कर्ता असे दोघांचे शिक्के. इंग्रजी क्रियापदात फार तर ‘ही गोज’मधला एक ‘स’ मिळतो. तो पुरुष आणि वचन सांगतो, लिंग नाही.

हे लिंग क्रियापदात शिरलं कुठून? संस्कृतात ‘रामः गच्छति’ आणि ‘सीता गच्छति’ यांत क्रियापद एकच आहे. भूतकाळ सांगताना मात्र संस्कृतात धातूपासून केलेलं विशेषण पुष्कळदा वापरत: रामः गतः, सीता गता. कर्म असलं की रचना अशी होई: बालकेन मोदकः खादितः, शर्करा खादिता, फलं खादितम्. शब्दशः, ‘मुलाकडून साखर खाल्ली गेलेली’. विशेषण म्हटलं की ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारच. प्राकृतातून येता येता हीच रचना आपला साधा भूतकाळ बनली आणि आपला ‘ने’ त्या ‘बालकेन’च्या जागी बसला. ‘जातो-जाते’ हा वर्तमानकाळही अशाच विशेषणातून घडला. (कोल्हापूरकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, ती गंमत वेगळी.)

याचा पुरावा रोजच्या बोलण्यातच आहे. जी रूपं विशेषणातून न येता जुन्या क्रियापदांतून सरळ आली, त्यांत आजही लिंग नाही. तो जाईल, ती जाईल, ते जाईल. तो आहे, ती आहे. जुन्या गोष्टींतला ‘राजा रोज शिकारीला जाई’ आणि ‘राणी रोज देवळात जाई’ यांतला ‘जाई’ही तसाच. क्रियापदात लिंग दिसलं की मुळात ते विशेषण होतं, असं बिनधास्त समजावं.

इंग्रजीतही एके काळी तीन लिंगं होती. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी होता. आजच्या ‘वाइफ’चा पूर्वज असलेला, बाई या अर्थाचा शब्द तर चक्क नपुंसकलिंगी होता. हे लिंग दर्शक शब्दांच्या आणि विशेषणांच्या शेवटांवर दिसे. पुढच्या दोन-तीन शतकांत ते शेवट झिजले आणि लिंगही गेलं. पण ‘गेला-गेली’ असा भेद तिथल्या मुख्य क्रियापदात तेव्हाही नव्हता.

इंग्रजीत वाढलेली मराठी मुलं नेमकी इथे अडखळतात. इंग्रजी क्रियापद नेहमी कर्त्याकडे बघतं, म्हणून ती ‘मी पोळी खाल्लो’ म्हणतात. कन्नडमध्येही क्रियापद कर्त्याकडेच बघतं, त्यामुळे सोलापूरच्या बाजूला ‘मी काम केलो’ सर्रास ऐकू येतं. तिथे ती चूक नसून त्या बोलीची रीत आहे.

नियमाला बगल देणारी क्रियापदंही आहेत. कर्म असूनही ‘ती डबा विसरली’, ‘तो गाडी शिकला’ असंच आपण बोलतो. ‘तिने डबा विसरला’ कानाला खटकतं. ‘म्हणणे’ तर दोन्हीकडून खेळतं: ‘ती म्हणाली’, पण ‘तिने गाणं म्हटलं’. ही मोजकी क्रियापदं पाठच करावी लागतात.

नामाचं लिंग ओळखायला तर पक्का नियम नाहीच. ई-कारान्त शब्द बहुधा स्त्रीलिंगी असतात म्हणावं, तर पाणी, दही, लोणी नपुंसकलिंगी आणि हत्ती, मोती पुल्लिंगी. ‘वेळ’ या एकाच शब्दाची दोन लिंगं: जेवायची वेळ झाली, पण बोलण्यात फार वेळ गेला. म्हणून घरात कोणाला मराठी शिकवत असाल, तर नुसता ‘आंबा’ सांगू नका, ‘तो आंबा’, ‘ती चिंच’, ‘ते केळं’ असं जोडीनेच सांगा. आणि मूल ‘मी पोळी खाल्लो’ म्हणालं, तर ‘काय खाल्लं?’ असं विचारा. ‘ती पोळी’ असं उत्तर आलं, की ‘खाल्ली’ आपोआप तोंडात येते.