गाइडचं नाव खोडल्यावर काय उरतं?

पोस्टडॉक संपत आला की स्वतःची प्रयोगशाळा मिळवण्यासाठी अर्ज सुरू होतात. त्या अर्जात तीन-चार पानांचं रिसर्च स्टेटमेंट असतं. आजवर काय केलं आणि पुढची पाचएक वर्षं काय करणार, हे त्यात सांगायचं. पाठवण्याआधी ते कुणा अनुभवी माणसाला दाखवण्याची रीत आहे आणि असे मसुदे माझ्याकडे बरेच येतात. वाचताना मी जरा उद्धट वाटेल अशी एक गोष्ट करते. गाइडचं नाव जिथे येईल तिथे पेन्सिलीने खोडते आणि उरलेलं वाचते.

ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मसुद्यांतून जुळवलेला एक नमुना घेते. अर्जदाराने भारतात पीएचडी केली ती उपासमारीत सापडलेले जंतू आपला आरएनए कसा जपतात यावर. मग तो परदेशात गेला. तिथली प्रयोगशाळा क्षयजंतूंचे नातलग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून बघते. या जंतूंची दोन टोकं सारखी वाढत नाहीत, जुनं टोक जास्त वाढतं. त्यामुळे एका पेशीच्या दोन लेकी वेगळ्या निपजतात आणि एकच औषध दोघींवर सारखं चालत नाही. गाइडचं नाव झालं ते याच कामावर. आता आपला अर्जदार भारतातल्या एका संस्थेत असिस्टंट प्रोफेसर व्हायला निघाला आहे.

मसुद्याचं पहिलं वाक्य मूळ इंग्रजीत होतं. मराठीत ते असं होईल: ‘माझ्या प्रयोगशाळेत क्षयजंतूंच्या औषध सोसण्याच्या क्षमतेचे विविध पैलू अभ्यासले जातील.’ ‘विविध पैलू’ दिसले की माझी पेन्सिल थांबते. पुढे तीन उद्दिष्टं होती. लेकींमधला फरक आणखी चार औषधांवर तपासायचा, सगळी जनुकं चाळायची आणि उंदरांवर नवं औषध शोधायचं. गाइडचं नाव खोडल्यावर पहिल्या उद्दिष्टात काहीच उरलं नाही, कारण ते गाइडच्याच कामाचं पुढचं पान होतं. दुसरं कुणीही लिहिलं असतं. तिसरं करायला एक आयुष्य पुरलं नसतं.

निवड समितीला पहिल्या उद्दिष्टाची धास्ती का वाटते, हे समजून घ्यायला हवं. उद्या हा प्राध्यापक झाला आणि गाइडनेही तेच काम चालू ठेवलं, तर वीस माणसांच्या जुन्या प्रयोगशाळेपुढे दोन विद्यार्थ्यांची नवी प्रयोगशाळा टिकणार कशी? युरोपियन रिसर्च कौन्सिलचं तरुणांसाठीचं अनुदान घ्यायचं तर स्वतंत्रपणे काम करण्याची कुवत दाखवावी लागते, आणि पीएचडीच्या गाइडशिवाय लिहिलेला महत्त्वाचा शोधनिबंध हा त्याचा एक पुरावा मानतात. शोधनिबंध नसेल तर निदान प्रश्न तरी स्वतःचा हवा.

म्हणून मी त्याला ‘आम्ही’ या शब्दाखाली रेघा मारायला सांगितलं. प्रत्येक ‘आम्ही’च्या जागी खरं नाव लिही म्हटलं. काचेची सूक्ष्म नळ्यांची चिप दुसऱ्या पोस्टडॉकने बनवली होती. जंतूंचे बदललेले वाण प्रयोगशाळेचे होते. तासन्‌तास चालणाऱ्या चित्रफितीत एकेका पेशीचा माग काढणारा प्रोग्रॅम मात्र अर्जदाराने एकट्याने लिहिलेला निघाला. मसुद्यात त्याला अर्धं वाक्यही मिळालं नव्हतं!

मग एक प्रश्न विचारला, ‘तुझ्या पीएचडीच्या लोकांना जमत नाही आणि इथल्या लोकांनाही जमत नाही, असं तुला काय जमतं?’ थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, ‘मॅडम, इथे सगळे कोण मरतं ते बघतात. जे वाचतात ते पुन्हा कधी वाढायला लागतात, हे मला बघायचंय. काही चार तासांत उठतात, काही दोन दिवस पडून राहतात.’ हा प्रश्न दवाखान्यापर्यंत पोचतो. क्षयाचं नेहमीचं औषध सहा महिने घ्यावं लागतं, त्याचं एक मोठं कारण हे सुस्त पडून वाचणारे जंतूच आहेत. शिवाय त्याची पीएचडी इथे कामाला येते, कारण उपाशी जंतू काय जपून ठेवतो हे त्याला ठाऊक आहे. नवं पहिलं वाक्य असं झालं: ‘औषध थांबवल्यावर कोणता जंतू आधी जागा होईल, हे त्याने शिल्लक ठेवलेल्या रायबोझोमवरून सांगता येतं का, हे मी तपासणार आहे.’ या वाक्याला ‘नाही’ असंही उत्तर येऊ शकतं, आणि तीच त्याची ताकद आहे. उत्तर ‘नाही’ आलं तरी जागं होण्याच्या वेळांची मोजमापं हाती राहतात, हेही मसुद्यात लिहायला लावलं.

उरलं वेळापत्रक, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मसुदे इथेच गडगडतात. त्याने उंदरांचे प्रयोग दुसऱ्या वर्षात टाकले होते. आम्ही बोटांवर हिशेब केला. संसर्ग मुरायला महिना, औषधाचे दोन-तीन महिने, रोग उलटतो का बघायला आणखी तीन. क्षयजंतू दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस घेतो, त्यामुळे ताटलीवर वसाहती दिसायला पुढे तीन-चार आठवडे. सगळं सुरळीत झालं तरी एका फेरीला सात-आठ महिने. त्याआधी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आणि जीवसुरक्षेची तिसऱ्या पातळीची प्रयोगशाळा हवी. ती त्या संस्थेत आहे का, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

नव्या योजनेत पहिली दोन वर्षं तो स्मेग्मॅटिस नावाच्या निरुपद्रवी नातलगावर काम करतो. हा जंतू तीनेक तासांत दुप्पट होतो. एक दिवस वाढ, एक दिवस औषध, दोन दिवस जागं होण्याची वाट, म्हणजे सूक्ष्मदर्शक सलग चार दिवस अडकतो. सामायिक यंत्रावर पंधरवड्यातून एकदा पाळी मिळाली तर वर्षाला चोवीस फेऱ्या. चिपमध्ये बुडबुडा अडकतो, फोकस सरकतो, निम्म्या फुकट गेल्या धरा. उरलेल्या बारांत तीन परिस्थिती प्रत्येकी तीनदा बसतात. समितीतला रसायनशास्त्रज्ञसुद्धा हे गणित तपासू शकतो.

तिसऱ्या वर्षी क्षयजंतूचा रोग न करणारा वाण, एच३७आरए. इतक्या संथ जंतूसाठी सूक्ष्मदर्शक आठवडेच्या आठवडे कोण देणार? त्यापेक्षा ताटल्या ऑफिसात असतो तसल्या स्कॅनरवर ठेवायच्या आणि प्रत्येक वसाहत केव्हा दिसू लागली ते नोंदवायचं. ही पद्धत इतर जंतूंवर वापरली गेली आहे आणि स्वस्त आहे. उंदीर पाचव्या वर्षात गेले, तेही सोयी असलेल्या सहकाऱ्याचं संमतिपत्र जोडून.

एक काम अजून बाकी होतं. समिती गाइडचं शिफारसपत्रही वाचते, आणि त्यात ‘तो आमचं काम भारतात पुढे नेईल’ असं कौतुकाने लिहिलेलं असेल तर चारही पानं वाया. म्हणून अर्ज पाठवण्याआधी गाइडसमोर बसून ठरवायचं. प्रोग्रॅम अर्जदार नेणार. जुने वाण नेणार असेल तर देवाणघेवाणीचा रीतसर करार करणार. लेकींच्या फरकाचा प्रश्न गाइडकडे राहणार आणि जागं होण्याचा प्रश्न गाइड हाती घेणार नाहीत. मग गाइडने शिफारसपत्रात तेच लिहावं, अशी सरळ विनंती करायची.