उक्तं द्यावं की रोजावर?

इंजिनिअरने पार्किंगमधल्या खांबावर हातोडी हलकेच आपटली, तेव्हा 'टण्ण' असा भरीव आवाज आला. दोन फूट खाली आपटली, तर 'बद्द' असा पोकळ आवाज आला. बाहेरून खांब दोन्हीकडे सारखाच दिसत होता, रंगही एकच होता. पोकळ आवाजाच्या ठिकाणी गिलावा आतल्या काँक्रीटपासून सुटलेला आहे एवढं त्या आवाजावरून कळलं. आतल्या सळया किती गंजल्यात, हे मात्र फोडल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नव्हतं, इंजिनिअरलाही नाही आणि कॉन्ट्रॅक्टरलाही नाही.

मला वाटतं, बाहेरच्या माणसाला काम देताना करार कसा करावा या प्रश्नाचं उत्तर त्या दोन आवाजांत आहे.

आमची ठाण्यातली सोसायटी 24 फ्लॅटची, तळमजला अधिक चार मजल्यांची, 1992 साली बांधलेली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करावं लागतं. आमच्या ऑडिटमध्ये मोठी दुरुस्ती निघाली आणि कमिटीसमोर दोन कोटेशनं आली. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने सगळं काम 28 लाखांत उक्तं घ्यायची तयारी दाखवली, जीएसटी वेगळा. दुसरा म्हणाला, मी रोजावर करतो: गवंड्याचे दिवसाला 1,200, बिगाऱ्याचे 800, मालाची बिलं जशी येतील तशी आणि एकूण रकमेवर माझे 15 टक्के. एकूण किती होतील, हे सांगायला मात्र तो तयार नव्हता.

सभेत बहुतेकांचा कौल पहिल्याकडे होता, आणि ते साहजिकच होतं. प्रत्येकाला आपल्या वाट्याला किती येणार ते कळतं आणि त्याप्रमाणे वर्गणी ठरवता येते. कॉन्ट्रॅक्टरचे दिवस वाढले तर तोटा त्याचा. सरकारी खर्चाचे नियमही याच बाजूला झुकलेले आहेत. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत म्हटलंय की, होईल तो खर्च अधिक नफा अशा पद्धतीचे करार शक्यतो टाळावेत आणि टाळता आलेच नाहीत तर त्याचं पूर्ण कारण आधी लेखी नोंदवावं.

पण 28 लाखांचा आकडा कसा तयार झाला ते मी त्या कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. रंग, बाहेरचा गिलावा, ड्रेनेजचे पाइप याचं मोजमाप त्याने फूटपट्टीने घेतलं होतं. त्यात त्याला शंका नव्हती. खांब आणि छज्जे मात्र अंदाजाने धरले होते, आणि अंदाज चुकला तर बुडायला नको म्हणून वर बरेच पैसे ठेवले होते. म्हणजे न दिसणारी जोखीम त्याने घेतली होती, पण फुकट नाही. आतलं काँक्रीट चांगलं निघालं असतं तरी ते पैसे आम्ही भरलेच असते.

ते वाईट निघालं असतं तर काय झालं असतं, हे त्याहून महत्त्वाचं आहे. ठरलेल्या रकमेत काम दुप्पट निघालं की कॉन्ट्रॅक्टरपुढे दोनच रस्ते उरतात. एक म्हणजे 'एक्स्ट्रा' मागणं. करारात 'आवश्यक ती सर्व दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं असेल तर तो म्हणणार, जे दिसत होतं ते. आपण म्हणणार, जे लागेल ते. अर्धी इमारत परांचीत उभी असताना हा वाद घालायची ताकद कोणत्याच सोसायटीत नसते. दुसरा रस्ता गुपचूप काम कमी करण्याचा. गंजलेली सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायची असते, मग तिला गंजरोधक लेप द्यायचा आणि त्यावर पॉलिमर घातलेला मसाला थराथराने भरायचा. सळईच्या मागच्या बाजूला ब्रश नाही पोचला आणि लेप दिलाच नाही, तरी संध्याकाळी खांब अगदी तसाच दिसतो. दोन-तीन पावसाळ्यांनी तोच गंज फुगून नवा मसाला फोडून बाहेर येतो.

म्हणून सही करण्याआधी आम्ही एक वेगळं काम केलं. वीसपैकी चार खांब आणि दोन छज्जे नुसते उघडून बघायचे ठरवले, आणि तेवढं काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला रोजावर दिलं. दोन गवंडी आणि चार बिगारी सहा दिवस होते. मजुरी 33,600, टेकू आणि इतर सामानाचे 8,000, त्यावर 15 टक्के, असे सगळे मिळून 47,840 रुपये. सभेत यावर बरीच कुरकुर झाली. नुसतं फोडायला अर्धा लाख कशाला, असं ज्येष्ठ सभासदांनी विचारलं.

फोडल्यावर जे दिसलं त्याने प्रश्न मिटला. दोन खांबांत फक्त गिलावा सुटला होता, आतलं काँक्रीट ठणठणीत होतं. तिसऱ्याच्या सळयांवर गंजाचे पापुद्रे होते, पण जाडी शाबूत होती. चौथ्याच्या रिंगा तुटलेल्या होत्या आणि मुख्य सळया खाल्ल्या गेल्या होत्या. त्याला भोवती नव्या सळया बांधून काँक्रीटचं जॅकेट घालणं भाग होतं. चार शेजारी खांब, आणि खर्चात कित्येक पटींचा फरक! उरलेल्या सोळांबद्दल कुणीही ठाम आकडा सांगितला असता, तर तो एकतर फुगवलेला असता किंवा खोटा.

मग आम्ही काम दोन भागांत तोडलं. रंग, बाहेरचा गिलावा आणि पाइप हा मोजता येणारा भाग पहिल्या कॉन्ट्रॅक्टरला साडेसतरा लाखांत उक्ता दिला. त्यात किती चौरस फूट, रंगाचे किती हात, कोणत्या जाडीचे पाइप, सगळं लिहिलं. खांब आणि छज्जे दुसऱ्याला रोजावर दिले, पण सहा लाखांची कमाल मर्यादा घालून. खर्च साडेचार लाखांवर गेला की त्याने काम थांबवून किती उरलंय ते लेखी सांगायचं, आणि सहा लाखांपुढे कमिटीच्या लेखी मंजुरीशिवाय जे करेल ते त्याच्या खर्चाने. या मर्यादेशिवाय रोजावर काम देऊच नये, कारण त्या पद्धतीत काम लवकर संपवण्याचं कॉन्ट्रॅक्टरला कसलंच कारण नसतं. दिवस वाढला की त्याचे 15 टक्केही वाढतात.

या दोन्हींच्या मधली मोजमापाची पद्धतही आहे, म्हणजे चौरस फुटाला दर ठरवायचा आणि झालेलं काम मोजून पैसे द्यायचे. बऱ्याच सोसायट्या तसंच करतात आणि ते चांगलं चालतं. खांबांच्या बाबतीत मात्र मसाल्याची जाडी किती धरायची यावर वाद होतो, आणि आमचे खांब एकमेकांसारखे नव्हते.

रोजावरच्या कामात फसवणूक कुठे होते ते सांगतो. पहिली हजेरीत. मस्टरवर सहा नावं आणि कामावर चार माणसं. म्हणून मस्टर महिनाअखेर नाही, रोज दोनदा सही करायचं, सकाळी काम सुरू झाल्यावर आणि दुपारी जेवणानंतर. आमच्याकडे हे काम दोन निवृत्त सभासदांनी वाटून घेतलं. माल आला नाही म्हणून माणसं बसून राहिली तर त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची, हेही करारात लिहावं. आम्ही ती कॉन्ट्रॅक्टरवर टाकली होती, कारण माल मागवणं त्याच्या हातात होतं.

दुसरी फसवणूक मालात, आणि ती पकडायला थोडं गणित पुरतं. दुरुस्तीच्या मसाल्याचं प्रमाण बऱ्याचदा एक किलो पॉलिमर, पाच किलो सिमेंट आणि पंधरा किलो क्वार्ट्झ वाळू असं दिलेलं असतं. म्हणजे 50 किलोच्या सिमेंटच्या एका गोणीला 10 किलो पॉलिमर लागायला हवं. एका आठवड्यात आमच्या रजिस्टरवर खांबांसाठी सहा गोण्या सिमेंट होतं आणि पॉलिमर फक्त 35 किलो. लागायला हवं होतं 60. विचारल्यावर मुकादम म्हणाला, दोन गोण्या जिन्याच्या पायऱ्यांना गेल्या. पायऱ्या करारातच नव्हत्या! त्या आठवड्याचं बिल आम्ही तेवढं कमी केलं, आणि भरलेल्या खांबांवर इंजिनिअरने पुन्हा हातोडी मारली. सुदैवाने आवाज भरीव आला.

काम उक्तं असो वा रोजावर, एक अट दोन्हीकडे हवीच: सळया घासून लेप दिल्यावर इंजिनिअरने बघून फोटो काढल्याशिवाय त्या झाकायच्या नाहीत. झाकल्यावर तपासायचं म्हटलं तर पुन्हा फोडावं लागतं.

खर्च साडेचार लाखांवर गेला तेव्हा काम ठरल्याप्रमाणे थांबलं. गच्चीच्या कठड्याखाली आणखी एक तुळई खराब निघाली होती. कमिटीने बघून एक लाखाची वाढ मंजूर केली. शेवटी रोजावरचा भाग 6 लाख 70 हजारांवर संपला. साडेसतरा लाख आणि आधीच्या चाचणीचे 47,840 मिळवले तर जीएसटी सोडून एकूण खर्च 24 लाख 68 हजारांच्या आसपास.

28 लाखांशी तुलना करून आम्ही सव्वातीन लाख वाचवले असं काही सभासद म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. आणखी चार खांब जॅकेटचे निघाले असते, तर आमचाच खर्च 28 च्या वर गेला असता आणि उक्तं घेणारा आपल्या रकमेत अडकला असता. शिवाय मस्टरवर रोज सही करायला आमच्याकडे दोन माणसं होती. ज्या सोसायटीत तशी माणसं नाहीत, तिने रोजावर काम देऊ नये. चार पैसे जास्त गेले तरी उक्तं किंवा मोजमापावर द्यावं आणि इंजिनिअरची देखरेख विकत घ्यावी.

तुमच्या सोसायटीची दुरुस्तीची सभा जवळ आली असेल, तर कोटेशनं हातात घेण्याआधी एक विनंती: खराब दिसणारे दोन आणि चांगले दिसणारे दोन खांब इंजिनिअरच्या देखरेखीखाली, नीट टेकू देऊन आधी उघडून घ्या, आणि त्यांचे फोटो दोन्ही कॉन्ट्रॅक्टरांना पाठवून मगच भाव मागवा.