अनुवादकाची फाईल: कोर्ट, दवाखाना की कादंबरी?

सातबाऱ्याच्या क्षेत्राच्या रकान्यात ०.४०.०० असा आकडा दिसतो. पहिला भाग हेक्टरचा, दुसरा आरचा, तिसरा चौरस मीटरचा. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर, जेमतेम एक एकर. आता हा उतारा इंग्रजीत करताना एखाद्या नवख्याने ‘आर’ म्हणजे एकर असं गृहीत धरलं, तर शेतकऱ्याची एक एकर जमीन कागदावर चाळीस एकर होते. व्याकरणात चूक नाही, वाक्य सफाईदार, आणि दावा मात्र धोक्यात.

वकील अनुवादक निवडताना नेमकी हीच भीती मनात ठेवून त्याचे नमुने चाळतो. औषध कंपनीच्या माणसाची भीती वेगळी असते, प्रकाशनसंस्थेतल्या संपादकाची आणखी वेगळी. अनुवादाच्या धंद्यात उतरणारे बहुतेक जण मात्र तिघांनाही एकच फाईल पाठवतात: दोन लेख, एक कविता, एका कंपनीचं माहितीपत्रक आणि वर ‘सर्व प्रकारचे अनुवाद केले जातील’ ही ओळ. ती ओळ वाचून कुणाचीच भीती जात नाही.

कायदा, वैद्यक आणि साहित्य यांतून एक क्षेत्र निवडायचं म्हटलं की माणसं आधी आवडीचा विचार करतात. त्याआधी पाहायला हवी ती दिशा. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत काम येतं, हे तिन्ही क्षेत्रांत सारखं नाही.

महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांचं कामकाज मोठ्या प्रमाणावर मराठीत चालतं. राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचं आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज मात्र इंग्रजीत. त्यामुळे प्रकरण अपिलात वर गेलं की खरेदीखत, हक्कसोडपत्र, फेरफार, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब असं सगळं बाड इंग्रजीत करावं लागतं. म्हणजे मराठी जाणणाऱ्या कायदेविषयक अनुवादकाचं बरंचसं लेखन इंग्रजीत होतं. वैद्यकात प्रवाह उलटा वाहतो. औषधाच्या चाचणीचे कागद इंग्रजीत तयार होतात आणि रुग्णासाठी मराठीत येतात. साहित्यात दोन्ही वाटा खुल्या आहेत, पण एकच माणूस दोन्हीकडे सारख्याच ताकदीने लिहितो असं क्वचितच दिसतं. आपलं कोणत्या भाषेतलं लेखन जास्त पक्कं, या प्रश्नाच्या प्रामाणिक उत्तराने निवड अर्धी होऊन जाते.

समजा, साताऱ्याची एक मुलगी आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, घरात मराठी, वाचन भरपूर, इंग्रजी समजतं उत्तम पण लिहिताना अडखळायला होतं. तिने तिन्ही क्षेत्रांचा एकेक नमुना करून पाहायचं ठरवलं, तर काय होईल?

कायद्याच्या नमुन्यासाठी तिने खऱ्या पक्षकाराचा कागद वापरायचाच नाही. नाव खोडलं तरी गट नंबर, गाव आणि तारीख यांवरून माणूस ओळखू येतो, आणि अशिलाचे कागद बाहेर दाखवणारा अनुवादक पाहिला की दुसरा वकील सावध होतो. त्यापेक्षा सातबाऱ्याची रचना घेऊन काल्पनिक नावांचा उतारा तयार करावा आणि त्यावर ‘नमुना’ असं ठळक लिहावं. त्यात मुद्दाम कठीण जागा ठेवाव्यात. भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ यांतला फरक ही त्यातली पहिली. वर्ग २ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे तिथे एक आकडा चुकला तर व्यवहाराचा अर्थच फिरतो. लागवडीयोग्य नसलेला पोटखराबा आणि कर्जाचा बोजा जिथे नोंदवतात तो ‘इतर हक्क’ रकाना, या पुढच्या जागा.

वकिलाची नजर मजकुराइतकीच मांडणीवरही असते. रकाने मूळ कागदासारखेच आहेत का? शिक्का आणि सही कुठे आहे याची नोंद केली आहे का? न लागलेलं अक्षर अंदाजाने भरलं आहे, की ‘अस्पष्ट’ असं सरळ लिहिलं आहे? नावाचं इंग्रजी स्पेलिंग पक्षकाराच्या इतर कागदांशी जुळतं का? पारिभाषिक शब्दांना भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी असतो, पण हे चारही प्रश्न कोशात सुटत नाहीत. जुनी खतं मोडीत असतील तर लिपी वाचण्याचं वेगळं कौशल्य लागतं. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेतो, आणि मोडी वाचता येणाऱ्याच्या फाईलला मग वेगळंच वजन येतं.

आपल्या मुलीचा हा नमुना बिनचूक उतरला, पण पानभर इंग्रजीला तिचे दोन दिवस गेले. शब्दांवर किंवा पानांवर पैसे मिळणाऱ्या कामात हा वेग परवडणारा नाही.

वैद्यकात तिने चाचणीचं संमतीपत्र निवडलं. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्याला त्याला समजणाऱ्या भाषेत, सोप्या शब्दांत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते. २०१९च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांत तशी अट आहे. खरं संमतीपत्र गोपनीय असतं, म्हणून तिने एका काल्पनिक मधुमेहाच्या औषधाचं तीनशे शब्दांचं इंग्रजी पत्र स्वतः रचलं आणि ते मराठीत आणलं.

पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं, ‘तुम्हाला मधुमेहाचं नवीन औषध दिलं जाईल.’ वाचायला छान, पण दोन ठिकाणी घात. चाचणीतल्या औषधाचा गुण अजून सिद्ध झालेला नाही, आणि काहींना औषधाऐवजी त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळणार आहे. हे वाक्य वाचणारा आपल्याला उपचार मिळतोय असं समजून सही करील. दुसऱ्या खर्ड्यात ते असं झालं: ‘या संशोधनात ज्याची चाचणी सुरू आहे ते औषध, किंवा तसंच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, यांपैकी एक तुम्हाला मिळेल. कोणाला काय मिळेल हे नाणेफेकीसारखं, कोणाच्याही निवडीशिवाय ठरेल.’ वाक्यं लांबली, पण साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या आजींना ती कळतील.

अशी चूक पकडायची रीतही ठरलेली आहे. मूळ इंग्रजी न पाहिलेला दुसरा अनुवादक मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत नेतो, मग दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून तपासतात. उलट अनुवादात ‘नवीन औषध दिलं जाईल’ असंच परत आलं, तर संशोधन आणि निष्क्रिय गोळी दोन्ही वाटेत गळाल्याचं तिथेच दिसतं. रुग्णांनी भरायच्या प्रश्नावल्यांत आणखी एक पायरी असते. तयार मजकूर पाचेक रुग्णांना वाचायला देऊन त्यांना काय समजलं ते विचारतात. ‘तुम्ही एक ब्लॉक चालू शकता का?’ या अमेरिकी प्रश्नाचं मराठीत काय करायचं, हे तिथे ठरतं.

म्हणून वैद्यकाच्या फाईलीत नुसता शेवटचा मजकूर ठेवून भागत नाही. पहिला खर्डा, उलट अनुवादात सापडलेला फरक आणि सुधारलेलं वाक्य असा एक तक्ता तिथे जास्त बोलतो. त्याबरोबर तळटिपेतली आवृत्ती आणि तारीख. संमतीपत्राच्या प्रत्येक आवृत्तीला नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि मराठी पत्र कोणत्या इंग्रजी आवृत्तीवरून केलं हे पानावर नसेल तर ते परत येतं. आपल्या मुलीने ही ओळ नमुन्यातही ठेवली. काम देणाऱ्याला त्या एका ओळीवरून कळतं की हिला कागद कुठे जाणार आहे ते ठाऊक आहे.

साहित्याचं गणित निराळं. इथे गोपनीयता आडवी येत नाही, हक्क येतात. आवडलेल्या कादंबरीचा अनुवाद परस्पर प्रसिद्ध करता येत नाही, कारण अनुवादाचा हक्क लेखकाचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. प्रेमचंद १९३६ साली गेले, साने गुरुजी १९५० साली, त्यामुळे त्यांचं लेखन मोकळं झालं आहे आणि सरावाला, नमुन्याला बिनदिक्कत घेता येतं. हयात लेखकाचा मजकूर असेल तर आधी परवानगी, मग नमुना.

संपादकाला पूर्ण पुस्तक लागत नाही. दहा-पंधरा पानांचा सलग तुकडा, पुस्तकाचा एक पानी सारांश, हक्क कोणाकडे आहेत याची माहिती आणि अनुवादकाचं छोटं टिपण, एवढं पुरतं. तुकडा निवडताना लोक सर्वांत सोपा भाग घेतात आणि तिथेच फसतात. संपादक शोधत असतो ते संवाद, बोली, विनोद, शिवी आणि अशा जागी अनुवादकाने काय केलं ते. ‘बलुतं’ इंग्रजीत नेणाऱ्या जेरी पिंटोंपुढे वस्तीतली भाषा होती, तेव्हा प्रश्न अर्थाच्या पलीकडचा होता: तो माणूस इंग्रजीत कोणत्या आवाजात बोलेल? पुण्याहून निघणाऱ्या ‘केल्याने भाषांतर’सारख्या नियतकालिकात छापून आलेली एखादी कथा फाईलीत असली, तर एका संपादकाने आपला मजकूर आधीच पारखला आहे हे आपसूक दिसतं.

पैशाच्या बाबतीत साहित्य सावकाश चालतं. कादंबरीला महिनोन्महिने लागतात आणि मोबदला बहुधा एकरकमी किंवा रॉयल्टीच्या रूपात येतो. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या अनुवादासाठी दीपा भास्ती त्यात वाटेकरी झाल्या. पण अशा पारितोषिकाच्या भरवशावर कुणी घरभाडं ठरवत नाही, म्हणून साहित्याचे बरेच अनुवादक सोबत दुसरं काम ठेवतात.

साताऱ्याच्या मुलीने प्रेमचंदांच्या एका कथेची दहा पानं मराठीत केली. ती तिच्या तिन्ही नमुन्यांत सर्वांत वाचनीय निघाली. तरी फाईलच्या पहिल्या पानावर तिने लिहिलं: ‘इंग्रजीतून मराठी, वैद्यकीय आणि रुग्णांसाठीचा मजकूर.’ पुढे संमतीपत्राचा नमुना, मूळ आणि अनुवाद समोरासमोर. मग दुरुस्त्यांचा तक्ता आणि मधुमेहाशी संबंधित तीसेक शब्दांची स्वतः जमवलेली यादी. शेवटी पदवी, आणि दुसऱ्या नजरेने मजकूर कोण तपासतं याची नोंद. सगळी मिळून पाचेक पानं. सातबाऱ्याचा नमुना तिने काढून टाकला, कारण तो दाखवला की तसलं काम येणार आणि ते तिला वेळेत झेपणार नाही. प्रेमचंदांच्या कथेची मात्र तिने वेगळी फाईल केली, जी फक्त प्रकाशकांना जाते.

ही फाईल पाहून एजन्सी बहुतेक वेळा चाचणीसाठी छोटा उतारा पाठवते. दोन-तीनशे शब्दांची अशी चाचणी विनामोबदला देणं या धंद्यात चालतं. तिच्या नावाखाली आख्खं वीस पानी संमतीपत्र आलं, तर ती चाचणी नसते, फुकट करून घ्यायचं काम असतं. तेव्हा दर विचारून मगच हात लावायचा.