समासातली दुरुस्ती

बाळाच्या जन्मदाखल्यात स्पेलिंग चुकलेलं दिसलं, की घरातलं कुणीतरी दाखला दुरुस्त करून आणायला निघतं. दुरुस्ती मात्र दाखल्यात होत नसते. दाखला म्हणजे जन्मनोंदवहीतल्या एका नोंदीचा उतारा. दुरुस्त व्हायची ती नोंद, आणि मग तिचा नवा उतारा हाती पडायचा. अर्ज लिहायला बसण्याआधी एवढं ध्यानात आलं, तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

ही दुरुस्ती १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ खाली होते. नोंद चुकीची आहे अशी निबंधकाची खात्री पटली, तर तो ती सुधारू शकतो. पण मूळ नोंदीला हात लावायचा नाही. बरोबर मजकूर समासात लिहायचा, खाली सही करायची, तारीख घालायची. नोंदी आता संगणकावर गेल्या, तरी कलम तेच आहे. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. चूक खोडली की चूक होती याचा पुरावाही जातो, आणि उद्या कुणी खोटी दुरुस्ती करून घेतली तर ती पकडायची कशी? इथे आधी काय होतं, नंतर काय झालं आणि सही कुणाची, हे सगळं जागेवर राहतं.

निबंधकाची खात्री पटवायची, तर चूक कुठे शिरली हे शोधावं लागतं. दाखल्यावरच्या सगळ्या ओळी एकाच कागदावरून येत नाहीत. जन्म दवाखान्यात झाला असेल, तर दवाखाना नमुना १ भरून पालिकेकडे पाठवतो. जन्मतारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं त्यातून येतात. हे २१ दिवसांच्या आत व्हायला हवं, त्यामुळे बहुतेकदा आई घरी जाण्याआधीच फॉर्म भरून झालेला असतो. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी किंवा त्यानंतर. साहजिकच बाळाच्या नावाचा रकाना रिकामा जातो. नाव पुढे आईवडिलांच्या वेगळ्या अर्जावरून चढतं. जन्माची नोंद झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून. म्हणजे बाळाचं नाव चुकलं असेल तर एक कागद पाहायचा, आईचं चुकलं असेल तर दुसरा.

समजा, मुलीचं नाव मृण्मयी. दाखल्यावर मराठीत मृण्मयी बरोबर आहे, पण इंग्रजीत MRUNMAVEE छापलंय. आईचं नाव मराठीत अश्विनी बरोबर, इंग्रजीत Ashvini. तिच्या बाकीच्या सगळ्या कागदांवर Ashwini आहे. आईबाबा राहतात पुण्यात, बाळंतपण झालं माहेरी, सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावी. तेव्हा अर्ज पुण्यात चालणार नाही. जन्म जिथे झाला तिथल्याच नोंदवहीत त्याची नोंद असते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायच्या रिवाजामुळे अनेक कुटुंबांना या कामासाठी बाईच्या माहेरच्या पालिकेचीच पायरी चढावी लागते.

दोन्ही चुका एकेका अक्षराच्या दिसतात, तरी त्यांची जात वेगळी आहे. नाव नोंदवण्याच्या अर्जावर बापाने MRUNMAYEE लिहिलं होतं. हाताने काढलेला Y टंकताना V झाला. तो अर्ज पालिकेच्याच फाईलमध्ये आहे, आणि मराठी ओळ शेजारीच बरोबर उभी आहे. ही उघड लेखनातली चूक. निबंधकाने कागद ताडून पाहिला की पुरे. नियमांप्रमाणे तो नोंद सुधारतो आणि काय चुकलं, काय सुधारलं याचा उतारा वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवतो.

Ashvini मात्र दवाखान्याने पाठवलेल्या फॉर्मवरच तसं आहे. पालिकेने जे आलं ते जसंच्या तसं उतरवलं. आता चूक सिद्ध करायची ती बाहेरच्या पुराव्याने. दवाखान्याकडून त्यांच्या नोंदीनुसार योग्य नाव कळवणारं पत्र मिळालं तर फार सोपं जातं. नोंदीतल्या मूळ माहितीतच चूक असेल, तर नियमांत दुसरी वाट आहे: प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींनी चूक कोणती आणि खरं काय, हे लिहून केलेलं निवेदन. खिडकीवर ज्याला ‘ॲफिडेव्हिट आणा’ म्हणतात त्याचं मूळ बहुधा इथे असतं.

पुराव्याचं वय इथे फार मोलाचं. आईचा शाळा सोडल्याचा दाखला बाळाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. तो या प्रकरणासाठी बनवलेला नाही हे उघडच आहे. उलट बाळाचं आधार कार्ड किंवा बालवाडीचा प्रवेश अर्ज जन्मदाखल्यानंतरचा. त्यावर काय आहे यावरून जन्माच्या वेळी काय लिहिलं गेलं असेल, हे ठरत नाही. लोक मात्र नेमके हेच कागद गठ्ठ्याने जोडतात.

अर्ज एका पानाचा पुरतो:

प्रति, मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी विभाग.
विषय: जन्मनोंदीतील इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त करणेबाबत.
महोदय, माझ्या मुलीच्या जन्माची नोंद आपल्याकडे आहे. नोंदणी क्रमांक …, नोंदणी दिनांक …, जन्मदिनांक ….
१) मुलीचे नाव MRUNMAVEE असे नोंदले आहे, ते MRUNMAYEE असे हवे. आधार: नाव नोंदवण्यासाठी केलेला मूळ अर्ज.
२) आईचे नाव Ashvini असे नोंदले आहे, ते Ashwini असे हवे. आधार: शाळा सोडल्याचा दाखला, दवाखान्याचे पत्र.
कलम १५ नुसार नोंद दुरुस्त करून सुधारित दाखला द्यावा, ही विनंती.

नोंदणी दिनांक आणि जन्मदिनांक वेगळे असतात, हे विसरलं की नोंद शोधणाऱ्या क्लार्कचा वेळ जातो. दोन्ही चुका एकाच अर्जात मांडाव्यात. सहा महिन्यांनी दुसरी चूक घेऊन गेलं की पुन्हा तीच चौकशी आणि समासात आणखी एक शेरा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

एक मागणी या वाटेने पुढे जात नाही. मूळ अर्जावर स्वतःच MRUNMAYI लिहिलं आणि पुढे दोन E असलेलं रूप आवडू लागलं, तर ती चूक नव्हे, बदल. मराठीतला तो दीर्घ ‘यी’ इंग्रजीत दोन्ही तऱ्हांनी लिहिला जातो, आणि निबंधकाला अधिकार आहे तो चुकीची नोंद सुधारण्याचा. नाव बदलल्याची जाहिरात राजपत्रात देता येते. पण जन्माच्या वेळची नोंद चुकली होती, हे तिने सिद्ध होत नाही. बरेच अर्ज या एका फरकावर अडतात, आणि अर्जदाराला वाटतं क्लार्क मुद्दाम अडवतोय.

खरोखरच अडवणूक होत असेल, तर आता दाद मागता येते. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यात अपिलाची सोय आली. निबंधकाच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे जाता येतं आणि त्यांनी ९० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यासाठी नकार लेखी मागून घ्यावा. तोंडी ‘होणार नाही’वर अपील उभं करणं कठीण.

हा खटाटोप वेळेवर करण्याचं एक नवं कारण याच दुरुस्तीतून आलंय. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट अशा ठिकाणी जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करायला जन्मदाखलाच चालतो. पूर्वी एखाद्या कागदातली चूक दुसऱ्या कागदाने भरून निघायची. या मुलांसाठी तसा दुसरा कागद हाताशी नसेल.

नवा दाखला हातात आला की खिडकीसमोरच उभं राहून इंग्रजी ओळ एकेक अक्षर करून वाचावी. बाळाचं, आईचं, बापाचं नाव, आडनाव, आणि दुरुस्तीत ज्यांना हात लावायचा नव्हता ते रकानेसुद्धा. नव्याने टंकताना शेजारचं अक्षर हललेलं असू शकतं. ते बरोबर असलं, की मग बाळाचं आधार या दाखल्याप्रमाणे करून घ्यावं.