चार तासांची असाइनमेंट, चार तासांतच

डेटा अ‍ॅनालिस्टच्या नोकरीसाठी पहिला इंटरव्ह्यू झाला की अनेक कंपन्या ‘घरी करून आणा’ म्हणून एक असाइनमेंट पाठवतात. तिचं स्वरूप समजण्यासाठी एक नमुना घेऊ. घरपोच किराणा पोचवणाऱ्या कंपनीच्या जानेवारी ते जून या सहा महिन्यांच्या ऑर्डरींची फाइल येते. सोबत प्रश्न असतो : ‘नवे ग्राहक पुन्हा का येत नाहीत ते शोधा आणि उपाय सुचवा. चार तास पुरेत, तीन दिवसांत पाठवा.’

फाइल उघडण्याआधी प्रश्न नीट वाचा. ‘पुन्हा येणं’ म्हणजे काय? पहिल्या ऑर्डरनंतर किती दिवसांत दुसरी आली तर ग्राहक परतला म्हणायचं? रद्द झालेल्या ऑर्डरी धरायच्या का? हे प्रश्न त्याच दिवशी एका छोट्या मेलमध्ये विचारा आणि आपलं गृहीतही कळवा : ‘तुमच्याकडून वेगळं कळलं नाही, तर मी तीस दिवस धरतो आणि रद्द ऑर्डरी वगळतो.’ मग उत्तर उशिरा आलं तरी काम अडत नाही, आणि पुढे वाद झाला तर आपण काय धरून चाललो ते लेखी असतं.

चार तासांची वाटणी सुरुवातीलाच करा. पहिला अर्धा तास फाइल तपासायला : एकच ऑर्डर दोनदा नोंदली आहे का, तारखा रिकाम्या आहेत का. पुढचे दोन तास मुख्य उत्तराला, एक तास लिहायला आणि शेवटचा अर्धा तास सगळं पहिल्यापासून पुन्हा चालवून पाहायला. घात होतो तो बहुधा मधल्या दोन तासांत. तक्ते सुचत जातात, वेळ सरतो आणि लिहायला काही उरत नाही. दोन तास संपले आणि मुख्य उत्तर हाती नसेल, तर प्रश्नच लहान करा. सगळ्या शहरांऐवजी एकच शहर घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

या नमुन्यात एक सापळाही आहे. समजा, एप्रिलमधल्या हजार नव्या ग्राहकांपैकी ३२० जण तीस दिवसांत परतले, मेमधल्या हजारांपैकी ३१०, आणि जूनमधल्या हजारांपैकी फक्त १७०. जूनमध्ये काहीतरी बिघडलं, असं वाटतं. पण फाइल ३० जूनला संपते. २८ जूनला पहिली ऑर्डर देणाऱ्याला परतायला दोनच दिवस मिळाले! ज्यांना पूर्ण तीस दिवस मिळाले, म्हणजे ज्यांची पहिली ऑर्डर ३१ मेपर्यंतची आहे, त्यांचीच तुलना करता येते. शेवटच्या महिन्यात आकडा एकदम कोसळला, तर आधी हीच शंका घ्यावी.

ही मुदत कोडमध्ये वरच, एकाच जागी ठेवा :

```python
WINDOW_DAYS = 30
cutoff = orders["order_date"].max() - pd.Timedelta(days=WINDOW_DAYS)
```

सोबतच्या `README` मध्ये चार गोष्टी पुरतात : उत्तर, गृहीतं, वेळेअभावी काय सोडलं आणि खरोखर किती वेळ लागला. बारा तास घालवून ‘चार’ लिहू नका. चार तासांत एवढं करणाऱ्याकडून पुढे कामावरही त्याच वेगाची अपेक्षा धरली जाते.

काम समोर मांडताना उत्तर आधी सांगा : ‘पहिली ऑर्डर उशिरा पोचलेले ग्राहक कमी परततात.’ मग एक आलेख, मग तुम्ही घेतलेले निर्णय. फाइल कशी साफ केली ते विचारलं तरच सांगा. ‘तीसऐवजी पंचेचाळीस दिवस धरले तर?’ हा प्रश्न येऊ शकतो. मुदत एकाच जागी असल्याने तुम्ही तिथल्या तिथे आकडा बदलू शकता, आणि तुलनेची सीमा आपोआप १६ मेवर सरकते. ‘उशिरामुळेच ग्राहक गेले कशावरून?’ असं विचारलं तर खरं तेच सांगा : दोन्ही गोष्टी सोबत दिसतात, एवढंच या फाइलमधून कळतं. कदाचित दूरच्या भागांत माल उशिरा पोचत असेल आणि तिथले ग्राहक मुळातच कमी परतत असतील. म्हणून पुढची पायरी एकाच भागातल्या वेळेवर आणि उशिरा पोचलेल्या ऑर्डरींची तुलना ही असेल.

काही कंपन्या मात्र आठवडाभराचं काम ‘असाइनमेंट’ म्हणून पाठवतात. तेव्हा लिहा : ‘यातला पहिला भाग मी चार तासांत पूर्ण करून देऊ शकतो. तेवढं चालेल का?’ नकार आला आणि मागितलेलं काम कंपनीला थेट वापरता येईल असं असेल, तर त्याचा मोबदला मागा. तोही नाकारला, तर ती असाइनमेंट सोडून द्या.